गुरुवारी रिझल्ट, पोझिशन नफ्यात: आधी विकायचं की धरून ठेवायचं?

कळवा_ऐरोली

नमस्कार मंडळी. मी दोन ते आठ आठवड्यांचं स्विंग ट्रेडिंग करतो. नोकरी ऐरोलीला, त्यामुळे सकाळी सव्वानऊला मी ठाणे-वाशी लोकलमध्ये उभा असतो. स्क्रीनसमोर बसून बाजार उघडताना बघणं मला शक्य नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एका मिडकॅप केमिकल कंपनीचे 200 शेअर 640 ला घेतले होते, स्टॉपलॉस 610. म्हणजे धोका 6,000 रुपये, माझ्या 6 लाखांच्या भांडवलाचा एक टक्का. आज भाव 712 आहे. स्टॉपलॉस वर आणत 684 ला ठेवलाय. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा कंपनीवरच जाईल.

येत्या गुरुवारी तिमाही रिझल्ट आहे. चार्ट छान दिसतोय, भाव 20 दिवसांच्या सरासरीच्या वर आहे आणि गेले पाच आठवडे एकही मोठी लाल कॅन्डल नाही. प्रश्न सरळ आहे: 684 चा स्टॉपलॉस लावलेला असताना रिझल्टमधून पोझिशन पार न्यायला हरकत आहे का? की बुधवारी सगळं विकून मोकळं व्हावं?

कॅन्डल_वाशी

मित्रा, चार्ट सगळं आधीच सांगतो. ज्यांना आतली बातमी असते ते आधीच खरेदी करतात आणि त्यामुळेच भाव चढतो. रिझल्टच्या आधी शेअर वर जात असेल तर रिझल्ट चांगला, खाली सरकत असेल तर वाईट. तुझा चार्ट मजबूत आहे, बिनधास्त धर. 684 ला स्टॉपलॉस आहेच की. वाईटात वाईट म्हणजे 684 ला बाहेर पडशील, तरी प्रत्येक शेअरमागे 44 रुपये खिशात.

नौपाडा

मला एक कळत नाही, चांगला शेअर असेल तर विकायचाच कशाला? डीमार्टचा आयपीओ मार्च 2017 मध्ये आला, 299 रुपयांना. ऑफिस आपल्या वागळे इस्टेटमध्ये, म्हणून अर्ज केला आणि लागला. त्यानंतर किती तिमाही निकाल आले आणि गेले, एकदाही आदल्या दिवशी विकला नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये शनिवारी रिझल्ट आला, सोमवारी आठ टक्क्यांहून जास्त पडला. मी तेव्हाही हललो नाही. तिमाहीच्या आकड्यांवर उड्या मारणाऱ्यांना कंपनी कधी कळतच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

कळवा_ऐरोली

काका, तुमचं पटतं, पण माझा प्रश्न वेगळा आहे. मी ही कंपनी दहा वर्षांसाठी घेतलेली नाही. घेतानाच 610 ला बाहेर पडायचं ठरलं होतं. त्यामुळे एका रात्रीत आठ-दहा टक्के पडणं म्हणजे माझ्यासाठी सगळा हिशोबच बदलणं.

मीनल_खारघर

कळवा_ऐरोली, तुमच्या प्रश्नातला "स्टॉपलॉस लावलेला असताना" हा भाग आधी सोडवू, बाकीचं त्यावरच अवलंबून आहे.

रिझल्ट बाजार बंद झाल्यावर आला तर रात्रभर तुमचा 684 चा स्टॉपलॉस काहीच करत नाही. शुक्रवारी पहिला सौदा 631 ला झाला तर 684 ला विकत घेणारा कुणी नसतोच. पुढे काय होतं ते ऑर्डरवर अवलंबून. स्टॉपलॉस मार्केट असेल तर 631 च्या आसपास विक्री होईल. स्टॉपलॉस लिमिट असेल, उदाहरणार्थ ट्रिगर 684 आणि लिमिट 680, तर ऑर्डर ट्रिगर होऊन 680 ला नुसती पडून राहील आणि भाव 631 वरून 610 कडे जाताना तुमचे सगळे शेअर तुमच्याकडेच असतील. तुम्ही लोकलमध्ये असता म्हणजे बहुधा जीटीटी लावत असणार. जीटीटीमधून बहुतेक ब्रोकरांकडे लिमिट ऑर्डरच जाते. तिची लिमिट किती खाली ठेवली आहे ते आजच उघडून बघा. आणि डीडीपीआय दिलेलं नसेल तर विक्रीसाठी सकाळी टीपिन टाकून परवानगी द्यावी लागते. ते राहिलं की जीटीटी ट्रिगर होऊनही ऑर्डर रिजेक्ट होते.

याचं मोठं उदाहरण एचडीएफसी बँकेचं. 16 जानेवारी 2024, मंगळवार, बाजार बंद झाल्यावर रिझल्ट आला. बंद भाव 1,680 च्या आसपास होता. नफा 16,372 कोटी, मथळ्यांमध्ये तीस टक्क्यांहून जास्त वाढ. विलीनीकरणामुळे मागच्या वर्षीशी ती तुलनाच योग्य नव्हती, आणि जाणकारांचं लक्ष मार्जिन आणि ठेवींवर होतं. बुधवारी शेअर 1,600 च्या खालीच उघडला आणि दिवसअखेर सुमारे साडेआठ टक्के पडून 1,537 च्या आसपास बंद झाला. कुणी 1,640 ला स्टॉपलॉस लावला असेल तर त्याला 1,640 हा भाव मिळण्याची शक्यताच नव्हती. (आज चार्ट उघडलात तर हे सगळे आकडे निम्मे दिसतील, कारण ऑगस्ट 2025 मध्ये एकास एक बोनस झाला.)

वाशीकर, तुमच्या मुद्द्यासाठीही हेच उदाहरण घ्या. त्याआधी नोव्हेंबरअखेरच्या 1,560 वरून शेअर जानेवारीच्या सुरुवातीला 1,700 जवळ गेला होता. चार्ट मजबूत होता. तुमच्या नियमाने धरून ठेवायला हवा होता.

कॅन्डल_वाशी

एका उदाहरणाने नियम खोटा ठरत नाही ताई. उलट नौपाडा काकांचा डीमार्ट बघा, सप्टेंबर 2024 मध्ये 5,480 च्या वर होता, रिझल्टच्या आधीच्या शुक्रवारी 4,570 च्या आसपास. चार्टने आधीच सांगितलं होतं आणि रिझल्टनंतर आणखी पडला. माझंच म्हणणं सिद्ध झालं.

मीनल_खारघर

तिथे तुमचं अर्धं बरोबर आहे. कधीकधी भाव खरोखर आधी हलतो. पण तेव्हा अख्खा बाजारच खाली येत होता, त्यामुळे त्या घसरणीतला किती भाग डीमार्टचा आणि किती बाजाराचा हे वेगळं करावं लागतं. शिवाय डीमार्ट तिमाही संपल्यावर दोन-तीन दिवसांतच महसुलाचा आकडा जाहीर करतं. म्हणजे बाजाराला निम्मी बातमी अधिकृतपणे आधीच मिळालेली असते, त्यासाठी कुणी आतला माणूस लागत नाही. जानेवारी 2025 मध्ये तर मोठी उडी रिझल्टला नव्हे, या अपडेटला आली होती. 2 तारखेला 17.5 टक्के महसूलवाढीचा आकडा आला, 3 तारखेला शेअर दिवसभरात 15 टक्क्यांपर्यंत वर गेला, आणि 11 तारखेच्या रिझल्टपर्यंत त्यातला मोठा भाग परत गेलेला होता. त्यामुळे "रिझल्टची तारीख" पाहताना कंपनी आधी काही आकडे देते का हेही बघायचं. ऑटो कंपन्यांची मासिक विक्री, बँकांचे ठेवी-कर्जांचे तात्पुरते आकडे, सगळं याच जातीचं.

आधीच्या चार्टवरून मी एकच गोष्ट वाचते: अपेक्षा किती चढल्या आहेत. शेअर त्याच्या क्षेत्रातल्या बाकीच्या चार-पाच कंपन्यांपेक्षा किती जास्त चढलाय ते बघते. सगळी केमिकल क्षेत्रातली मंडळी दहा टक्के वर असतील आणि तुमचा अकरा, तर ते वारं आहे. बाकी सगळे जागच्या जागी आणि तुमचाच अकरा टक्के वर, तर लोक चांगला रिझल्ट गृहीत धरून बसलेत. मग नुसता चांगला रिझल्ट पुरत नाही, त्याहून सरस लागतो. यावरून दिशा कळत नाही. पण निराशा झाली तर पडझड मोठी होईल, एवढं कळतं.

कळवा_ऐरोली

ताई, खूप उपयोगी. बघितलं. या काळात बाकीच्या केमिकल कंपन्या जवळपास तिथेच आहेत, माझाच 11 टक्के वर आहे. जीटीटीची लिमिट 682 होती! डीडीपीआय मात्र दिलेलं आहे.

मागच्या आठ तिमाहींचा हिशोबही काढला. रिझल्टच्या दिवशीचा बंद भाव आणि दुसऱ्या दिवशीचा उघडा भाव यांतला फरक, टक्क्यांमध्ये: +2, −3, +6, −11, −1, +4, −7, +1. सरासरी जवळपास उणे एक येते. म्हणजे फार काही होत नाही असं म्हणायचं का?

मीनल_खारघर

सरासरी विसरा. तुम्ही एकाच रिझल्टमधून जाणार आहात आणि खिशाला भोक पाडणारा आकडा −11 आहे, −1 नाही.

दुसरं, रिझल्ट किती वाजता आला ते तपासलंत का? एनएसईच्या साइटवर कंपनीच्या पानावर प्रत्येक घोषणेला वेळ असते. रिझल्ट दुपारी पावणेदोनला आला असेल तर खरी हालचाल त्याच दिवशी झाली, दुसऱ्या दिवशीचा गॅप बघून तुम्ही मूळ धक्का हुकवता. संध्याकाळी आला असेल तरच तुमची पद्धत बरोबर. दुपारी आलेल्यांसाठी आदल्या दिवशीचा बंद भाव आणि त्या दिवसाचा तळ, असा फरक घ्या.

ही वेळ आणखी एका कारणासाठी हवी. बोर्ड मीटिंगच्या सूचनेत तारीख असते, वेळ बहुतेक वेळा नसते. पण कंपन्यांना सवयी असतात. आठपैकी सहा वेळा दुपारी दोनच्या सुमारास आला असेल तर तुमचा निर्णय बुधवारी साडेतीनच्या आत व्हायला हवा, गुरुवार धरूच नका.

अनघा_घणसोली

जरा विषयाला धरूनच विचारते. मी एका लिस्टेड कंपनीच्या फायनान्स विभागात आहे, ईसॉपमधून मिळालेले शेअर डीमॅटमध्ये आहेत. रिझल्ट फारसा बरा नसेल अशी धाकधूक आहे. मीनलताई म्हणतात तसे बुधवारी थोडे विकले तर चालेल का?

मीनल_खारघर

अनघाताई, अजिबात नाही! तुमच्या विभागामुळे तुमचं नाव बहुधा डेझिग्नेटेड पर्सनच्या यादीत असणार. सेबीच्या नियमाप्रमाणे तिमाही संपल्यापासून रिझल्ट जाहीर झाल्यानंतर 48 तासांपर्यंत तुमची ट्रेडिंग विंडो बंद असते. ईसॉप एक्सरसाइज करता येतं, पण मिळालेले शेअर त्या काळात विकता येत नाहीत. विंडो उघडल्यावर कंपनीच्या कम्प्लायन्स ऑफिसरकडून पूर्वपरवानगी लागते का ते विचारा. आणि विकलेत की पुढचे सहा महिने तेच शेअर बाजारातून परत घेता येणार नाहीत. रिझल्टबद्दल तुम्हाला जे वाटतंय ते इथे किंवा कुठेही लिहू नका, तुमच्याच भल्यासाठी सांगते.

अनघा_घणसोली

समजलं. धन्यवाद ताई. उद्याच कम्प्लायन्सशी बोलते.

बेलापूर_ऑप्शन

इतकी डोकेफोड कशाला? एक पुट घ्या आणि शांत झोपा. पडला तर पुटमध्ये भरून निघेल, चढला तर शेअरमध्ये कमवाल. हप्ता भरला की झालं.

मीनल_खारघर

त्यांची कंपनी एफ अँड ओमध्ये आहे का ते आधी विचारूया. आणि असली तरी लॉट 200 चाच असेल असं नाही.

पण ज्यांचा शेअर एफ अँड ओमध्ये आहे त्यांच्यासाठी लिहिते, कारण हा सल्ला फार ऐकू येतो. रिझल्टच्या आधी पुट आणि कॉल दोन्ही महाग झालेले असतात, कारण गॅपची शक्यता सगळ्यांनाच माहीत असते. समजा शेअर 1,400 ला आहे आणि 1,400 चा कॉल आणि पुट मिळून 84 रुपये. म्हणजे बाजारच सांगतोय की एक्सपायरीपर्यंत साधारण सहा टक्के इकडे किंवा तिकडे. तुम्ही 42 ला पुट घेतलीत आणि रिझल्टनंतर शेअर तीन टक्के, म्हणजे 42 रुपयेच पडला. अनिश्चितता संपल्यामुळे प्रीमियममधली हवा निघते, पुटची किंमत 42 च्या थोडीच वर राहते. शेअरमध्ये 42 गेले, पुटमध्ये नफा जवळपास काहीच झाला नाही. ही पुट खरी मदत करते ती पडझड तीन टक्क्यांच्या बरीच पुढे गेली तर. मोठ्या पोझिशनला तेवढंच हवं असेल तर ठीक, पण शांत झोपेची किंमत दर तिमाहीला तीन टक्के पडते.

मला त्या 84 चा उपयोग जास्त वाटतो. पुट न घेताही त्यावरून बाजाराला किती मोठ्या हालचालीची अपेक्षा आहे ते कळतं. एक्सपायरी लांब असेल तर त्यात बाकीच्या दिवसांची हालचालही मिसळलेली असते, तेवढं ध्यानात ठेवायचं.

कळवा_ऐरोली

एफ अँड ओमध्ये नाहीये. वेळा तपासल्या: आठपैकी पाच रिझल्ट दुपारी दीड ते अडीचमध्ये आलेत. −7 वाली तिमाही दुपारची होती, त्या दिवशीच तळ −9 होता. −11 मात्र खरा गॅप, संध्याकाळचा रिझल्ट.

मग आता 200 पैकी किती ठेवायचे?

मीनल_खारघर

आता योग्य प्रश्न आला. सगळे की काहीच नाही, असं नसतंच.

वाईटात वाईट −11 होतं. थोडी जागा ठेवून 12 टक्के धरा. 712 चे 12 टक्के म्हणजे 85 रुपये, भाव 627. सगळे 200 ठेवले आणि तसं झालं तर आजच्या किमतीतून 17,000 रुपये जातात. तुमचं खातं आज 6,14,400 चं आहे, म्हणजे पावणेतीन टक्क्यांहून जास्त. तुम्ही एका सौद्यात एक टक्का घालवायला तयार असता. मग रिझल्टच्या एका रात्री पावणेतीन का?

माझी पद्धत अशी: कागदावरच्या नफ्यातला निम्मा भाग पणाला लावायचा. तुमचा नफा 72 गुणिले 200, म्हणजे 14,400. त्यातले निम्मे 7,200. भागिले 85, म्हणजे साधारण 84 शेअर. 80 ठेवा, 120 बुधवारी विका. 120 वर 8,640 पक्के झाले. भाव 627 ला उघडला तर 80 शेअरवर खरेदी भावाच्या खाली 13 प्रमाणे 1,040 जातील, हाती 7,600 उरतील. आठ टक्के वर, म्हणजे 769 ला उघडला तर 80 वर 10,320 मिळून एकूण जवळपास 19,000. दोन्ही बाजूंना जगता येतं.

घोडबंदर

मीनलताईंचा अभ्यास दांडगा आहे, तरी इथे मी वेगळं म्हणेन. त्यांनी धोका आजच्या भावापासून मोजला. मी खरेदी भावापासून मोजतो. 627 ला उघडला तरी 640 च्या खाली 13 रुपये, 200 शेअरवर 2,600 चा तोटा. त्याने मूळ धोका 6,000 चा स्वीकारला होता, हा त्याच्या निम्म्याहून कमी आहे. मग विकायचं कशाला? पाच आठवडे धरून ज्या उशीसाठी थांबला ती उशी हीच. आणि वर गेला तर? 769 ला 200 शेअरवर 25,800 होतात, तुमच्या पद्धतीत 19,000. स्विंगमध्ये वर्षाचा नफा दोन-तीन मोठ्या सौद्यांतून येतो. तेच दर वेळी रिझल्टच्या आधी छाटलेत तर छोटे तोटे भरून कशातून निघणार?

माझा नियम: रिझल्टच्या वेळी पोझिशन मागच्या सगळ्यात वाईट गॅपएवढी किंवा त्याहून जास्त नफ्यात असेल तर पूर्ण धरायची. नसेल तर पूर्ण विकायची.

मीनल_खारघर

नफा झाला म्हणून ते पैसे वेगळे होत नाहीत. ते खात्यात आहेत, आज विकले तर बँकेत येतात. पण मोठे सौदे छाटले जातात हा तुमचा मुद्दा खरा आहे, आणि त्यावर माझ्याकडे सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. ज्याचे सौदे क्वचितच 15 टक्क्यांच्या पुढे जातात त्याने छाटावेत. ज्याचा सगळा नफाच 40-50 टक्क्यांच्या सौद्यांतून येतो त्याने तुमचं ऐकावं. कळवा_ऐरोलीने स्वतःची डायरी बघून ठरवावं.

मात्र तुमच्या नियमाने बघितलं तरी 640 वरून 712 म्हणजे सव्वाअकरा टक्के. वाईट गॅप 11 चा. अगदी काठावर आहे.

घोडबंदर

काठावर आहे, मान्य. मी धरला असता.

कळवा_ऐरोली

डायरी बघितली. माझे बहुतेक चांगले सौदे 10 ते 18 टक्क्यांत संपतात. बुधवारी 120 विकतो, 80 ठेवतो. जीटीटीची लिमिट ट्रिगरच्या बरीच खाली आणतो.

रिझल्टनंतर चार्टवर नेमकं काय बघायचं तेही कुणी सांगाल का? पहिल्या पाच मिनिटांत तर काहीच समजत नाही.

मीनल_खारघर

पहिल्या पाच मिनिटांवर काही ठरवू नका. पहिली उडी मथळ्यातल्या निव्वळ नफ्यावर असते. पंधरा-वीस मिनिटांनी लोक पीडीएफ उघडून इतर उत्पन्न आणि अपवादात्मक बाबी बघतात, तेव्हा भाव अनेकदा उलटा फिरतो.

मी बघते ती एकच गोष्ट, दिवसअखेरचा बंद भाव त्या दिवसाच्या पट्ट्यात कुठे आहे. दोन उदाहरणं शेजारी ठेवा. इन्फोसिसचा रिझल्ट गुरुवारी 13 एप्रिल 2023 ला संध्याकाळी आला, वर्षाची वाढ 4 ते 7 टक्केच होईल असं कंपनीने सांगितलं. शुक्रवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणजे भारतातल्या धारकांना तीन दिवस काहीच करता आलं नाही आणि तिकडे अमेरिकेत एडीआर आदल्या रात्रीच कोसळला होता. सोमवारी 1,389 वरून 1,185 पर्यंत खाली गेला. पण बंद झाला 1,258 च्या आसपास, तळापासून बराच वर. पुढच्या आठवड्यांत 1,185 तुटला नाही. एचडीएफसी बँक त्याउलट, 17 जानेवारीला दिवसाच्या तळाजवळ बंद झाली. दुसऱ्या दिवशी तो तळ तुटला, आणखी तीन टक्क्यांहून जास्त पडली, आणि फेब्रुवारीत 1,363 पर्यंत गेली.

रिझल्टच्या दिशेने भाव पुढेही काही आठवडे सरकत राहतो हे अमेरिकी शेअरांवर बॉल आणि ब्राउन यांनी 1968 मध्येच दाखवलं होतं. ती सरासरी आहे, तुमच्या शेअरला बांधील नाही. तरी तळाजवळचा बंद भाव आणि नेहमीच्या तीन-चार पट व्हॉल्यूम असेल तर "खूप पडला, आता फिरेल" म्हणून मी थांबत नाही.

कॅन्डल_वाशी

हे मात्र चार्टचंच वाचन झालं ना ताई!

मीनल_खारघर

हो. बातमी आल्यानंतरचं. आधीचं आणि नंतरचं वाचन एकसारखं विश्वासाचं नसतं, एवढंच माझं म्हणणं.

कळवा_ऐरोली

मंडळी, गुरुवारचा वृत्तान्त. बुधवारी 120 शेअर 709 ला गेले.

आज 2 वाजून गेल्यावर रिझल्ट आला. निव्वळ नफा 31 टक्के वर! भाव काही मिनिटांत 738. मी मीटिंगमध्ये होतो, बरंच झालं. नंतर वाचलं तर त्यात जमीन विकल्याचा नफा आहे, आणि ऑपरेटिंग मार्जिन 19 वरून 16 टक्क्यांवर आलंय. भाव 738 वरून घसरत 686 पर्यंत गेला, बंद 689. व्हॉल्यूम रोजच्या चौपट. 684 ला स्पर्श झाला नाही, म्हणून 80 शेअर अजून माझ्याकडेच आहेत. कॉन-कॉल उद्या, शुक्रवारी दुपारी 4 ला.

मीनल_खारघर

689 बंद, 686 तळ, 738 माथा. तळाजवळचा बंद भाव आणि चौपट व्हॉल्यूम. आणि कॉल बाजार बंद झाल्यावर आहे, म्हणजे त्यात जे काही बोललं जाईल त्यावर विकायची पहिली संधी सोमवारी. हा दुसरा गॅप आहे, मध्ये शनिवार-रविवार. मी असते तर उद्या 3:30 च्या आत मोकळी झाले असते. लोकलच्या वेळेची अडचण असेल तर 9:00 ते 9:08 मध्ये प्री-ओपनला ऑर्डर टाकता येते. घरून निघतानाच टाका, लिमिट लावून.

घोडबंदर

684 तुटलेला नाही, मग नियम मोडायचा कशाला? 80 शेअरच उरलेत, वरचे 8,280 पक्के झालेत. मार्जिन कच्च्या मालामुळे पडलं असेल आणि व्यवस्थापनाने पुढच्या तिमाहीत सुधारणा सांगितली तर सोमवारी हाच शेअर परत 720 ला दिसेल.

मीनल_खारघर

मार्जिन कशामुळे पडलं ते रिझल्टच्या टिपांमध्ये लिहिलंय का? कच्चा माल की विक्रीचे दर पडले? दर पडले असतील तर एका तिमाहीत सुधारत नाही.

कळवा_ऐरोली

टिपांमध्ये काहीच नाही. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या टक्केवारीत दोनने वाढलाय, एवढं नफा-तोटा पत्रकाच्या आकड्यांवरून काढलं. पण विक्रीचे दर पडले तरी ही टक्केवारी वाढतेच ना? टनांमधली विक्री दिली असती तर समजलं असतं, ती गुंतवणूकदारांच्या प्रेझेंटेशनमध्ये असते आणि ते अजून आलेलं नाही. रात्री परत बघतो. सकाळी निघण्याआधी नाही आलं तर 80 प्री-ओपनमध्ये 685 च्या लिमिटने टाकतो.

घोडबंदर

प्रेझेंटेशन आलं तर टनांचा आकडा इथे टाक. टनेज वाढलेलं असेल आणि दर पडलेले असतील तर मीही विक म्हणेन.